डाव्या पायाला सुट्टी, न्यूट्रलला बंदी

या विकेंडला आपल्या ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये एक चक्कर मारा. पाच वर्षांपूर्वी ज्या गाड्यांमध्ये तीन पेडल होती, तिथे आता दोन आहेत. २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओमध्ये एएमटी गिअरबॉक्स दिला आणि ऑटोमॅटिक ही फक्त बड्या साहेबांची चैन राहिली नाही. घोडबंदरच्या ट्रॅफिकला कंटाळलेला, गुडघा दुखणारा, ईएमआय भरणारा प्रत्येक जण आता 'क्लच नको बाबा' म्हणतो. बरोबरच आहे त्याचं.

गंमत अशी, की आपण गाडी बदलली, पण आपलं शिक्षण बदललं नाही. मोटार ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत आपण तीन पेडल शिकलो. दुचाकीला 'विनागिअर' असा वेगळा वर्ग लायसन्सवर असतो, पण चारचाकीचं लायसन्स मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक दोन्हींना चालतं. त्यामुळे शोरूममधला मुलगा दहा मिनिटांत 'सर, पी म्हणजे पार्क, डी म्हणजे ड्राइव्ह' एवढं सांगतो, पेढा देतो आणि आपण निघतो. थिअरी कोणी शिकवतच नाही.

माझ्या ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने दिवाळीत एएमटी हॅचबॅक घेतली. 'तुझं मूळ गाव तिकडे सरळगावला ना, मग मला घाटात गाडी चालवायला शिकव,' असा तिचा हुकूम. मी लगेच तयार झालो, कारण ऑटोमॅटिक गाडी शिकायला शहापूर आणि मुरबाडसारखी जागा नाही. शहापूरच्या बाजारात मुंगीच्या चालीची गर्दी, किन्हवलीवरून सरळगावकडे जाणारा चढउतारांचा रस्ता आणि पुढे टोकावडे, मोरोशी ओलांडली की थेट माळशेज. एका दिवसात तिन्ही धडे. मागच्या सीटवर माझे मामा. त्यांनी याच पट्ट्यात तीस वर्षं टेम्पो चालवलाय, त्यामुळे मत द्यायचा हक्क त्यांना जन्मसिद्ध आहे.

शहापूर: एक पाय पुरे

आसनगाव स्टेशनकडून शहापूरच्या बाजारात शिरलो. रिक्षा, भाजीवाले, एसटी, मध्येच रस्ता ओलांडणाऱ्या आजीबाई. मैत्रिणीचा डावा पाय ब्रेकवर, उजवा अॅक्सिलरेटरवर. 'दोन पाय, दोन पेडल. सोप्पंय की!' ती म्हणाली. ऐकायला लॉजिकल वाटतं. प्रत्यक्षात इथेच घोळ आहे.

आपल्या डाव्या पायाचं सगळं शिक्षण क्लचवर झालंय. क्लच दाबायचा म्हणजे थेट तळापर्यंत, एका दमात. त्या पायाला 'थोडंसं दाब' ही भाषाच कळत नाही. उजव्या पायाला मात्र वर्षानुवर्षं ब्रेकचा अंदाज आलेला असतो. अंड्यावर पाय ठेवल्यासारखा दाब तो देऊ शकतो. डाव्या पायाने ब्रेक मारला की गाडी जागच्या जागी गचकन थांबते आणि मागचा रिक्षावाला आपल्या डिकीत.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. माणूस दचकला की शरीर आखडतं आणि दोन्ही पाय एकदम पुढे जातात. मॅन्युअल गाडीत त्याने क्लच आणि ब्रेक दाबला जातो, म्हणजे चुकूनही बरोबरच होतं. ऑटोमॅटिकमध्ये एक पाय ब्रेकवर आणि दुसरा अॅक्सिलरेटरवर असेल, तर दोन्ही दाबले जातात. नव्या बऱ्याच गाड्यांमध्ये ब्रेक दाबला की इंजिनची ताकद कापणारी यंत्रणा असते, पण सगळ्यांत नाही. ती नसेल तर इंजिन ढकलतंय आणि ब्रेक अडवतोय, अशी कुस्ती सुरू होते. त्यात थांबायचं अंतर वाढतं. शिवाय ब्रेकला मदत करणारा बूस्टर पेट्रोल इंजिनमध्ये इंजिनच्याच निर्वातावर चालतो. अॅक्सिलरेटर दाबलेला असताना तो निर्वात कमी होतो, आणि नेमक्या गरजेच्या क्षणी पेडल जड लागतं.

तिसरी गोष्ट रोजची. डावा पाय ब्रेकवर नुसता टेकवून ठेवला तरी पेडल किंचित दबतं. मागचे लाल दिवे कायम पेटलेले. मागच्याला कळतच नाही, की तुम्ही खरंच थांबताय की नुसतेच सजलाय. आणि ब्रेकचे पॅड सतत घासत राहतात, तापतात. माळशेजमध्ये त्याचा हिशेब चुकता होतो, तिथे येऊच.

म्हणून नियम एक: डावा पाय डावीकडच्या फूटरेस्टवर. तिथेच राहायचं, हलायचं नाही. अपंगत्वामुळे ज्यांची गाडी डाव्या पायासाठी खास बदलून घेतलेली असते, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांचा पाय त्यासाठीच तयार झालेला असतो.

पण एकच पाय वापरला म्हणजे सगळं संपलं असंही नाही. तोच उजवा पाय चुकीच्या पेडलवर पडू शकतो. अमेरिकेत ऐंशीच्या दशकात ऑडी ५००० ही गाडी 'आपोआप सुसाट सुटते' म्हणून प्रचंड बदनाम झाली. तिथल्या सरकारी रस्ते सुरक्षा खात्याने तपास केला आणि १९८९ मध्ये निष्कर्ष दिला, की बहुतेक वेळा ड्रायव्हरने ब्रेक समजून अॅक्सिलरेटर दाबला होता. गाडी पुढे गेली, म्हणून त्याने 'ब्रेक' आणखी जोरात दाबला, आणि ती आणखी सुटली. आज ब्रेक दाबल्याशिवाय पार्कमधून गिअर निघत नाही, ती सोय याच काळात रुळली.

यावर उपाय टाचेचा. उजवी टाच ब्रेकच्या समोर जमिनीवर टेकवायची. पावलाचा पुढचा भाग उजवीकडे फिरवला की अॅक्सिलरेटर, सरळ केला की ब्रेक. टाच ब्रेकसमोर असल्यामुळे पायाचं 'घर' ब्रेक होतं, अॅक्सिलरेटर पाहुणा. पाय छोटा असेल आणि ब्रेक दाबताना टाच उचलावी लागत असेल तरी हरकत नाही, पण सुटल्यावर परत तिथेच यायला हवी. आणि बाजारातल्या गर्दीत अॅक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, लावूच नका. गाडी डी मध्ये असताना ब्रेक हळूच सोडला की ती स्वतःहून रांगते. तेवढी रांग शहापूरच्या बाजाराला पुरेशी आहे. पाय ब्रेकवरच असेल तर चुकीचं पेडल दाबायचा प्रश्नच येत नाही.

मैत्रिणीने फूटरेस्टवर पाय ठेवला आणि पुढची दहा मिनिटं त्याच्याकडे संशयाने बघत होती. मामा मागून म्हणाले, 'ताई, त्या पायाला आता पेन्शन झाली समजा.'

किन्हवली ते सरळगाव: पेट्रोल वाचवायचा जुना मंत्र

शहापूर सोडलं की रस्ता मोकळा होतो. भातखाचरं, मध्येच साग, छोटे चढ, छोटे उतार. अशाच एका उतारावर मैत्रिणीने सवयीने गिअरचा दांडा न्यूट्रलला सरकवला. 'पप्पा नेहमी असंच करतात. पेट्रोल वाचतं.'

मामांनी मान डोलावली. त्यांच्या काळात ते खरंही होतं. कार्ब्युरेटरच्या इंजिनात उतारावर पाय काढला तरी इंजिन फिरत राहायचं आणि हवेबरोबर थोडं पेट्रोल ओढत राहायचं. त्यामुळे उतार आला, की न्यूट्रल, असा मंत्र त्या पिढीने पाठ केला आणि वारशात आपल्याला दिला.

आताच्या इंजिनात पेट्रोल कॉम्प्युटर सोडतो. गाडी गिअरमध्ये आहे, पाय अॅक्सिलरेटरवरून पूर्ण काढलाय आणि चाकंच इंजिनला फिरवतायत, हे त्याला कळतं. मग तो इंजेक्टर चक्क बंद करतो. म्हणजे उतारावर गिअरमध्ये असताना तुमचं इंजिन शून्य पेट्रोलवर फिरत असतं. वेग खूप कमी झाला, की बंद पडू नये म्हणून पुन्हा थोडं सोडतो. न्यूट्रल केलं, की इंजिन आणि चाकांचं नातं तुटतं. आता इंजिनला जिवंत राहण्यासाठी स्वतःचं पेट्रोल हवं. एसी चालू असलेल्या छोट्या पेट्रोल गाडीला नुसतं उभं राहायलाही तासाला साधारण पाऊण ते एक लिटर लागतं. म्हणजे पंधरा मिनिटांच्या उतारावर न्यूट्रलमध्ये तुम्ही पाव लिटरच्या आसपास पेट्रोल जाळता, आणि गिअरमध्ये जवळपास काहीच नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. अगदी सौम्य उतारावर न्यूट्रलमधली गाडी थोडी जास्त लांब घरंगळते, कारण इंजिन तिला अडवत नाही. तिथे क्वचित चमचाभर पेट्रोल वाचेलही. पण त्या चमच्यासाठी तुम्ही काय गहाण टाकता ते बघा.

न्यूट्रलमध्ये गाडीवर तुमचा ताबा फक्त ब्रेक आणि स्टिअरिंगचा उरतो. समोर अचानक बैलगाडी वळली, आणि तुम्हाला ब्रेक न मारता पटकन पुढे निघून जायचंय, तर अॅक्सिलरेटर दाबून फक्त आवाज येईल. आधी डी टाका, मग गिअरबॉक्स विचार करणार, वेगाला साजेसा गिअर शोधणार, क्लच जोडणार. एएमटीमध्ये यात सहज दीड-दोन सेकंद जातात. ताशी ६० च्या वेगात दोन सेकंद म्हणजे ३३ मीटर. तेवढ्या अंतरात गाडी तुमची नसते, रस्त्याची असते.

गिअरबॉक्सचं नुकसान गाडीच्या जातीवर ठरतं. एएमटी म्हणजे आपलाच साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर यंत्र टाकतं. तिथे धावत्या गाडीत डी टाकताना झीज होते ती क्लचची. जुन्या पद्धतीच्या टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिकमध्ये गिअरबॉक्सच्या आत तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. न्यूट्रलमध्ये इंजिन आळसावलेलं, पंप मंद, पण चाकांना जोडलेले भाग मात्र जोरात फिरतायत. वर परत डी टाकला की आतल्या क्लचना वेगातला तो सगळा फरक घासून भरून काढावा लागतो. त्याचा झटका तुम्हाला बसतो आणि खर्चही तुम्हालाच.

काही जण याच्याही पुढे जाऊन उतारावर इंजिनच बंद करतात. तसं केलंत तर ब्रेकचा बूस्टर दोन-तीन वेळा पेडल दाबेपर्यंत साथ देईल, मग पेडल दगडासारखं होईल. पॉवर स्टिअरिंगही जाईल. हे धाडस नाही, हा गाढवपणा आहे.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनो, हसू नका. तुमच्या गाडीत उतारावर मोटर उलट काम करून बॅटरी भरते आणि गाडीला अडवते. न्यूट्रल टाकलं की बहुतेक गाड्यांत दोन्ही बंद. फुकटची वीज गेली आणि अडवणूकही गेली.

'मग एन दिलाय कशाला?' मैत्रिणीचा रास्त प्रश्न. गाडी ढकलायला, टोइंगवाल्याच्या सूचनेप्रमाणे ओढायला, सिग्नलला बराच वेळ पूर्ण थांबल्यावर पाय ब्रेकवर ठेवून. पण धावत्या गाडीत एन वापरण्याची वेळ एकच, आणि ती जिवावरची: अॅक्सिलरेटर अडकला तर. २००९ मध्ये अमेरिकेत टोयोटाने याच भीतीने लाखो गाड्यांसाठी रिकॉल काढला होता. पायाखालची मॅट सरकून पेडल तिच्यात अडकू शकत होतं. आपल्याकडे तर कंपनीच्या मॅटवर पावसाळ्यासाठी दुसरी रबरी मॅट टाकायची हौस. अशा वेळी ब्रेक एकदाच, जोरात आणि सलग दाबायचा, पंप करायचा नाही, आणि दांडा एन मध्ये ढकलायचा. इंजिन किंचाळेल, किंचाळू द्या. गाडी कडेला थांबली की मग इंजिन बंद करा. पुरेशी मोकळी जागा बघून गाडी उभी असताना, दांडा न बघता एन कुठे सापडतो, हे हाताला एकदा शिकवून ठेवा.

माळशेज: बादलीभर पाण्याचा हिशेब

सरळगावला मिसळपाव झाला. टोकावडे, वैशाखरे, मोरोशी गेलं. उजवीकडे भैरवगडाची भिंत, समोर घाट. चढताना फारसं शिकवावं लागलं नाही. एक गोष्ट मात्र सांगितली: चढावर पुढची गाडी थांबली, तर अॅक्सिलरेटर हलका दाबून गाडी जागेवर तोलून धरायची नाही. एएमटीमध्ये तेवढ्या वेळात क्लच घासून निघतो आणि जळका वास येतो. ब्रेकवर उभं राहायचं, हिल होल्ड नसेल तर हँडब्रेक ओढायचा, आणि निघताना गाडी जोर धरतेय असं जाणवलं की सोडायचा.

खरी परीक्षा उतरताना. घाटमाथ्यावर चहा घेताना मी तिला एक हिशेब मांडून दाखवला. आकडे सोयीसाठी गोल धरलेत.

समजा तिची गाडी चार माणसांसह १२०० किलोची. घाटात आपण ५०० मीटर खाली उतरतो आणि त्यासाठी रस्ता १० किलोमीटर, म्हणजे पाच टक्के उतार. एवढं वजन एवढं खाली येताना जी ऊर्जा बाहेर पडते, ती सगळी उष्णतेत बदलली तर २० लिटर पाणी, म्हणजे आंघोळीची अख्खी बादली, उकळीला येईल. हवेचा विरोध आणि टायरचं घर्षण मिळून त्यातला एक तृतीयांश खातात. उरलेल्या तेरा-चौदा लिटर पाण्याची उष्णता कुठेतरी जायलाच हवी. तुम्ही न्यूट्रलमध्ये असाल, तर ती सगळीच्या सगळी ब्रेकमध्ये जाते, त्यातही जास्त करून पुढच्या दोन डिस्कमध्ये. त्या डिस्क जेवणाच्या ताटाएवढ्या असतात. चुलीवर रिकामं ताट ठेवल्यासारखंच.

आणि ब्रेक मारला नाही तर? याच उतारावर न्यूट्रलमधली गाडी ४० च्या वेगावरून वीसेक सेकंदांत साठीपर्यंत जाते. ४० वरून ६० म्हणजे वेग दीडपट, पण थांबवण्यासाठी जिरवावी लागणारी ऊर्जा सव्वादोनपट. आणि वीस सेकंदांत माळशेजमध्ये पुढचं वळण हमखास येतं.

ब्रेक तापल्यावर दोन गोष्टी होऊ शकतात आणि दोन्ही पायाला वेगवेगळ्या कळतात. पहिली, पॅड इतके तापतात की त्यांची पकड जाते. पेडल घट्ट लागतं, तुम्ही जीव खाऊन दाबता, गाडी मात्र हवी तशी थांबत नाही. दुसरी जास्त वाईट. ब्रेकचं तेल उकळतं. आपल्या गाड्यांमध्ये डॉट ३ किंवा डॉट ४ तेल असतं. नवंकोरं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पण हे तेल हवेतला ओलावा शोषतं, आणि ओलावलं की हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. कोकणाच्या वेशीवरच्या पावसात दोन-तीन वर्षं काढलेल्या तेलाची काय कथा! उकळलं की पाइपमध्ये वाफेचे बुडबुडे. तेल दाबलं जात नाही, बुडबुडा मात्र दाबला जातो. त्यामुळे पेडल स्पंजासारखं मऊ होत होत तळाला टेकतं, आणि गाडी चालतच राहते. म्हणून ब्रेक ऑइल साधारण दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, गाडी कितीही कमी फिरली तरी.

आता उपाय. उरलेल्या ऊर्जेचा मोठा वाटा इंजिनकडे द्यायचा. गिअर खालचा असेल तर चाकं इंजिनला जोरात फिरवतात, इंजिन स्वतःच्या विरोधाने त्यांना अडवतं आणि ती उष्णता रेडिएटर आणि सायलेन्सर वाटे बाहेर जाते. फुकट आणि न थकणारा ब्रेक. पण नुसत्या डी वर भरवसा ठेवू नका. पाय काढलेला बघून बऱ्याच गाड्यांचा डी समजतो की साहेब निवांत आहेत, आणि वरचा गिअर टाकतो. वरच्या गिअरला अडवणूक नावापुरती. गिअर तुम्ही मागायला हवा.

एएमटीमध्ये दांडा एम मध्ये घेऊन वजा खुणेकडे. सीव्हीटीमध्ये एल किंवा एस, हायब्रिडमध्ये बी असेल तर तो, पॅडल शिफ्टर असतील तर डावीकडचं वजा. इलेक्ट्रिकमध्ये रिजनची वरची पातळी. फक्त घाटमाथ्यावर बॅटरी शंभर टक्के भरून निघू नका, कारण भरलेल्या बॅटरीत आणखी वीज मावत नाही आणि अडवणूक कमी होते. गिअर कुठला? मामांचं उत्तर मला सगळ्या पुस्तकांपेक्षा आवडतं: 'ज्या गिअरात चढलात, त्याच गिअरात उतरा.' आणि तो उतार सुरू होण्याआधी टाका. वेग वाढल्यावर मागितलात, तर इंजिन जास्त फिरेल म्हणून गिअरबॉक्स नकार देऊ शकतो.

मैत्रिणीने एम, मग दोन नंबर. पस्तीसच्या वेगाला काटा तीन हजारांच्या जवळ गेला आणि इंजिन घुमायला लागलं. 'अरे, फुटेल ना हे!' फुटत नाही. त्याची लाल रेघ सहा हजारांच्या आसपास आहे, आणि यावेळी ते पेट्रोलही पीत नाहीये. हा आवाज म्हणजे गाडी तुमच्यासाठी ब्रेक मारतेय.

तरी वेग वाढलाच तर ब्रेक मारायचा, पण लोणी लावल्यासारखा सतत नाही. चाळीसला पोचलात की ठामपणे दाबून तीसवर आणा, मग पाय पूर्ण सोडा. परत चाळीस, परत तीस. मधल्या वेळात डिस्कला वारा लागतो. आणि इंजिनने गाडी अडवताना मागचे लाल दिवे लागत नाहीत, त्यामुळे मागे कोणी चिकटलं असेल तर वळणाआधी पेडलला हलका स्पर्श करून त्याला इशारा द्या. धुकं असेल तर नक्कीच.

अर्ध्या घाटात आम्हाला एक गाडी कडेला उभी दिसली. पुढच्या चाकातून हलका धूर, जळका वास, आणि एक तरुण पाण्याची बाटली घेऊन चाकाकडे निघालेला. मामा गाडी थांबते न थांबते तोच उतरले. 'दादा, पाणी नको! तापल्या तव्यावर पाणी मारू नका, डिस्क वाकडी होईल.' त्याची गाडीही ऑटोमॅटिक. घाटमाथ्यापासून डी मध्ये, मध्येमध्ये न्यूट्रल, आणि डावा पाय ब्रेकवर. मागच्या सीटवर बायको आणि झोपलेलं बाळ. 'पेडल आधीपेक्षा खाली जातंय असं वाटलं म्हणून थांबलो,' तो म्हणाला. थांबला, हेच त्याने सगळ्यात शहाणपणाचं केलं होतं.

चाकाखाली दगड लावले. त्याच्या गाडीला पी होता, तो टाकला, हँडब्रेक ओढला. ज्या एएमटीत पी नसतो, तिथे इंजिन गिअरमध्ये ठेवून बंद करायचं; उताराकडे तोंड असेल तर रिव्हर्समध्ये. अर्धा तास सगळ्यांनी कडेला, गाडीपासून लांब उभं राहून गप्पा मारल्या. मग पेडल तपासलं. वर आलं होतं, घट्ट होतं. ते मऊच राहिलं असतं, तर गाडी तिथेच ठेवून टोइंगवाल्याला फोन. परत निघताना त्याला खालचा गिअर कसा टाकायचा ते दाखवलं, आमची गाडी पुढे, तो मागे, तीसच्या वेगात मोरोशीपर्यंत. तिथे त्याने काच खाली करून सांगितलं, 'आता ब्रेक जवळपास लागलाच नाही हो.'

कसारा घाटालाही अगदी हाच धडा लागू. जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग इगतपुरी ते आमणेपर्यंत सुरू झाल्यामुळे नाशिकहून येणाऱ्यांना तो घाट टाळता येतो. पण माळशेजला असा पर्याय नाही, आणि कसाऱ्याचा जुना रस्ताही बंद झालेला नाही. तिथे तुमच्या मागे भरलेले ट्रक असतात.

कापून डॅशबोर्डमध्ये ठेवा

डावा पाय फूटरेस्टवर, उजवी टाच ब्रेकसमोर.

गर्दीत अॅक्सिलरेटर नको. ब्रेक सोडून रांगवा.

चाकं फिरत असताना एन नाही. अपवाद एकच: अॅक्सिलरेटर अडकला तर. पी आणि आर तर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय कधीच नाही.

घाट उतरण्याआधी खालचा गिअर. चढताना जो होता, तोच.

ब्रेक ठाम दाबा, पूर्ण सोडा. वास आला किंवा पेडल मऊ झालं, की सुरक्षित जागा बघून थांबा. पाणी मारू नका.

संध्याकाळी मुरबाडला मैत्रिणीने मामांना विचारलं, 'मामा, तुम्ही कधी ऑटोमॅटिक घेणार?' मामा म्हणाले, 'घेतली असती हो. पण मग या डाव्या पायाने दिवसभर करायचं काय?'